गाठ आणि शेरा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचो. माझ्या रिपोर्टात खोट निघत नाही, अशी माझी घमेंड होती. रिपोर्टाबद्दल कोणी दुसरा प्रश्न विचारला की माझं डोकं फिरायचं.

पारोळ्याकडच्या एका गावातून आठ दिवसांची मुलगी आली होती. बेंबीची नाळ गळायच्या आधीच तिथून रक्त झिरपत होतं, कापूस बदलून बदलून आई रडकुंडीला आलेली. याच जोडप्याचं पहिलं बाळ, मुलगा, दोन वर्षांपूर्वी असंच बेंबीतून रक्त जातंय म्हणून दवाखान्यात आणलं होतं आणि पुढे मेंदूत रक्तस्राव होऊन गेलं. तेव्हाही रक्त मीच तपासलं होतं आणि सगळं नॉर्मल लिहून दिलं होतं. आत्ताही प्लेटलेट पुरेशा, रक्त गोठायची वेळ बरोबर, बाकीच्या चाचण्याही ठीक. मी पुन्हा नॉर्मल लिहिलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही बाळंतपणं करणारी सुईण होती ती.

"भाऊ, तुमी काल पोरनी टाच टोची व्हती ना, तठेच आज परत रगत ई राह्यनं."

"काल थांबलं होतं, अक्का. मी स्वतः पाहिलं. कापूस निघाला असेल," मी खेकसलो.

ती हलली नाही. "तुमना कागद सांगस, रगत बठ्ठं चांगलं शे. मंग मनीच गाठ ढिली, असं लोके म्हनतस. पयला पोऱ्या गया तवापासून मले कोनी बलावत नई. यांनी बी घाई झायी म्हनीसन बलावं."

मी चमकलो. मी नॉर्मल लिहिलं आणि गावाने त्याचा अर्थ लावला की दोष हिचाच, नाळेची गाठ हिनेच सैल बांधली. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिचाच रागही आला. पण उठून वॉर्डात गेलो. टाचेवर खरंच ताजं रक्त होतं.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी ते वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "रक्त गोठतंय, पण गाठ टिकत नाही. विटा रचल्यात, सिमेंट नाही. रक्तातला गाठ पक्की करणारा तेरावा घटक नसेल. तुमच्या नेहमीच्या चाचण्या गाठ धरेपर्यंतच बघतात, पुढचं त्यांना दिसत नाही." नवरा-बायको आते-मामे भावंडं आहेत, हेही त्यांनी विचारून घेतलं. आईबाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. "प्लाझ्मा मागवलाय, त्यात हा घटक असतो. तो चढवायच्या आधीचं रक्त घ्या, नाहीतर चाचणी फसेल."

अकराला मी दोन नळ्या लावल्या. एकीत मुलीच्या रक्ताची गाठ, दुसरीत माझ्या रक्ताची, दोन्ही युरियाच्या दाट द्रावणात बुडवलेल्या. नेहमीची गाठ त्यात दिवसभर तशीच राहते. तेरावा घटक नसलेली विरघळून जाते.

त्या दिवशी माझा पाय एका जागी ठरला नाही. पाच मिनिटांनी नळी उचलायची, उजेडाला धरायची, ठेवायची. दुसऱ्याच्या लघवीचा रिपोर्ट तिसऱ्याच्या नावावर लिहून ठेवला आणि खोडला. म्हातारी दाराशी बाकावर बसून माझ्या हातांकडे बघत होती. गाठ विरघळू दे, असं मनात येई आणि लगेच वाटे, आपण या पोरीला आजार मागतोय की काय. न विरघळली तर मात्र म्हातारीचं काही खरं नव्हतं, आणि पोरीला काय झालंय हे कोणालाच सांगता आलं नसतं.

बारा वाजेपर्यंत मुलीच्या गाठीच्या कडा विरल्या. एकाच्या सुमाराला नळीत नुसतं पाणी दिसत होतं. माझी गाठ दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी होती.

मुलीची गाठ विरघळली त्याच दुपारी प्लाझ्मा चढवला. संध्याकाळी बेंबीवरचा कापूस कोरडा निघाला. बाईंनी आईला समजावलं की हा घटक शरीरात बरेच दिवस टिकतो, म्हणून साधारण महिन्याने महिन्याने प्लाझ्मा द्यायचा, चुकवायचा नाही. मार लागला तर लगेच रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, दीड-दोन दिवसांनीही येऊ शकतं.

मी नवा रिपोर्ट लिहायला घेतला. म्हातारी टेबलाशी आली.

"भाऊ, त्या पयला पोऱ्याना रगतमा बी हाईच व्हतं का?"

त्याचं रक्त मी दोन वर्षांपूर्वी मोरीत ओतून दिलं होतं. पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काहीच नव्हतं. रिपोर्टाच्या तळाला शेऱ्याची रिकामी ओळ असते, तिथे मी आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं, "सुईणीने नाळ नीट बांधली होती. पहिल्या बाळाचीही." बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने मला वाचून दाखवायला लावलं. दुसरं वाक्य दोनदा.