रंजीताची लाल खूण

मंजुषा मोहुर्ले धानोरा तालुक्यातल्या जंगलगावांत फिरून मुलांना गणित शिकवायची. बीएस्सी झाल्यावर ती एका संस्थेत लागली. गावांत इंटरनेट नाही आणि घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात, म्हणून संस्थेने एक ॲप केलं होतं. मंजुषा आपल्या फोनमधून धडे थेट मुलांच्या घरच्या फोनमध्ये टाकायची, त्याला नेट लागत नसे. संध्याकाळी फोन घरी आला की मुलं आपापल्या नावाचं चित्र दाबून गणितं सोडवायची. उत्तरं फोनमध्येच साठायची आणि फोन कधी नेटच्या टप्प्यात आला की आपोआप गडचिरोलीच्या ऑफिसात पोचायची.

त्या सकाळी ऑफिसातून अतुलसरांचा फोन आला. "रंजीताच्या नावापुढे महिनाभर लाल खूण आहे. काहीच काम नाही. नव्याने सुरू होणाऱ्या आठवड्याच्या शिकवणीतली तिची जागा आज दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल."

"सर, तिच्याकडे मी बाकीची गावं उरकून जाणार होते. आज भेटून येते. तोवर थांबा."

"संध्याकाळी यादी पाठवायची आहे. तोवरच."

मंजुषाने स्कूटी काढली. रंजीता नववीतली, अबोल, पण गणितात पक्की. ती अभ्यास सोडेल हे पटत नव्हतं.

रंजीता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. लाल खुणेचं ऐकून ती रडवेली झाली. "मॅडम, मी रोज करून राह्यली. समीकरणाचा पूर्ण धडा झाला माह्यावाला. बाबा महिनाभर जंगलातल्या कुपात लाकडं तोडाले जाते, तिथी टावर नाई. म्हणून गेलं नसन."

मंजुषाचा जीव भांड्यात पडला. उत्तरं फोनमध्ये असतील, तर नेटमध्ये नेली की झालं. "फोन कुठे आहे?"

"बाबा घेऊन गेले धानोऱ्याले. फोन अटकून राह्यला होता, मेमरी फुल्ल दाखवे. दुकानवाला साफ करून देतो म्हणाला."

साफ करताना उत्तरंही पुसली गेली तर, ही मंजुषाला धास्ती वाटली. तिने गावाबाहेरच्या चढावर, जिथे साधा कॉल लागायचा, तिथे जाऊन रंजीताच्या बाबांना, लालसूभाऊंना, फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग स्कूटी तिने खाचखळग्यांतून अशी पळवली की एका वळणावर पडता पडता वाचली.

धानोऱ्याच्या दुकानात लालसूभाऊ बाकावर बसले होते. दुकानदाराने फोन पुढे केला. "घ्या, नव्यासारखा झाला."

"काय केलं?" मंजुषाने विचारलं.

"रिसेट मारला. मेमरी कार्डाले हात नाई लावला."

मंजुषाने फोन उघडला. कार्डावरचे धडे जागच्या जागी होते. ॲप मात्र गेलं होतं आणि उत्तरं त्याच्याच पोटात होती.

लालसूभाऊंनी तिचा चेहरा पाहिला. "काऊन बाई, काई बिघडलं का?"

तिने सांगितलं. त्यांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "पोरगी रोज माह्या हातातून फोन घे. मले वाटे, पिच्चर पाह्यते."

मंजुषाने अतुलसरांना फोन लावला. "सर, काम गेलं, पण तिला येतं ते कुठे जाणार? साध्या कॉलवर तोंडी विचारा."

"ठीक. पण मदत करायची नाही."

गावात परतून ऊन कलताना मंजुषा, रंजीता आणि लालसूभाऊ त्याच चढावर उभे राहिले. मंजुषाचा फोन स्पीकरवर होता. अतुलसरांचा आवाज तुटक येत होता. "बापाचं वय मुलाच्या तिप्पट. बारा वर्षांनी दुप्पट होईल. मुलाचं आजचं वय किती?"

रंजीता खाली बसली आणि काडीने मातीत लिहू लागली. बाप तिच्या हाताकडे बघत होता.

"चोवीस," ती म्हणाली.

मंजुषाने ओठ आवळले. आणि कॉल कटला.

"चुकलं का, मॅडम?"

मदत करायची नव्हती. मंजुषा नुसती नंबर दाबत राहिली. लागेना. रंजीता पुन्हा मातीवर वाकली. एकाएकी तिने मान वर केली, तेवढ्यात कॉल लागून पलीकडून अतुलसरांचा आवाज आला.

"सर, थांबा!" रंजीता घाईने म्हणाली. "चोवीस ते बारा वर्षांनंतरचं. आज मुलगा बाराचा, बाप छत्तीसचा. मंग अठ्ठेचाळीस अन् चोवीस. बरोबर दुप्पट."

"हो," अतुलसर म्हणाले. "आता पुढचं सांगतो, ऐक."

पाच गणितं झाली. चार बरोबर आली. जागा रंजीताचीच राहिली.

मंजुषा तेवढ्यावर थांबली नाही. ऑफिसच्या बैठकीत ती म्हणाली, "माहिती आली नाही म्हणजे अभ्यास केला नाही, असं नसतं." वाद झाला, पण शेवटी ॲपमध्ये 'माहिती पोचली नाही' अशी वेगळी राखाडी खूण आली. दर भेटीत मुलांच्या उत्तरांची नक्कल नेटशिवाय तिच्या फोनमध्ये उतरायची सोयही झाली. तिने मग प्रत्येक गावाची फेरी पंधरा दिवसांवर आणली.

पहिली नक्कल तिने रंजीताच्या अंगणात घेतली. लालसूभाऊ शेजारी बसून पडदा पाहत होते. "आता दुकानात द्याच्या आधी तुमाले विचारीन, बाई," ते म्हणाले, आणि फोन पोरीच्या हातात देऊन बैल बांधायला गेले.