आईने ऐकलेली गोष्ट

आमच्या माडिया भाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ प्रत्येकी दोन, एक आखूड आणि एक लांब. लांबी बदलली की शब्दच बदलतो. मराठी अक्षरांत मात्र दोघांना मिळून एकच खूण. भाषा लिहायची ठरली तेव्हा वाद इथेच अडला. पुण्याहून आलेल्या भाषेच्या अभ्यासक बाईंचं म्हणणं होतं, लांब स्वरापुढे ‘ऽ’ लावू. छापखान्यात तो खिळा असतोच. आश्रमशाळेचे गुरुजी ऐकेनात.

“काऊन नवं चिन्ह? पोरं आधी मराठी शिकतेत, तिथी गोंधळून जातीन. आपली भाषा हाय, अंदाजानं वाचतीन.”

मी गुरुजींच्या बाजूने. गावातला पहिला बारावी पास मी, आणि आमचं लिखाण मराठीसारखंच दिसावं, कुणी हसू नये, एवढीच माझी अक्कल.

शेवटी बाईंनी परीक्षा ठेवली. दुसऱ्या गावच्या माणसाने सांगितलेली, आम्ही कुणी न ऐकलेली गोष्ट चिन्हाशिवाय लिहून आणली. ती मी वाचायची, ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायची आणि त्याचं मराठी बाईंसाठी पुन्हा मीच करायचं. कळली तर ‘ऽ’ रद्द आणि पोरांसाठीचं पहिलं पुस्तक छापायला चंद्रपूरला.

गोटुलात, गावाच्या बैठकघरात, सगळं गाव जमलं. आई पुढेच बसली होती. मी तोऱ्यात उभा राहिलो. दुसऱ्याच ओळीत शब्द चुकल्याचं कळलं, पण अडखळलो तर शोभा होईल म्हणून मागे फिरलो नाही. सगळे स्वर शाळेतल्या मराठीसारखे ताणत रेटून वाचलं. एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, हा कुठली भाषा बोलतोय?

तेवढ्यात आईने हात वर केला. मासे धरायला गेलेल्या माणसाची गोष्ट तिने रंगवून सांगितली. लोक खळखळून हसले. गुरुजी खूश. “झालं! कुठी अडलं?”

तिने सांगितलेल्यातले फक्त मासे कागदावर होते, बाकी काहीच नव्हतं. ती गोष्ट माझा बाप सांगायचा, लहानपणी तीच ऐकत मी झोपायचो. बाई मराठीसाठी माझ्याकडे बघत होत्या. हीच ती गोष्ट, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, आणि पुढे गावातलं प्रत्येक पोर माझ्यासारखंच वाचत बसलं असतं.

“ही गोष्ट कागदावर नाही,” मी मराठीत म्हणालो. “आईने मनाने सांगितली.”

मागून कुणीतरी ते माडियात करून सांगितलं. आईने पदर तोंडावर ओढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चिन्ह कायम राहिलं, पुस्तकही निघालं. पण त्या दिवशी घरी जाताना आई माझ्यापासून चार हात पुढे चालत होती. मागे न बघताच म्हणाली, “इतकी वर्षं शाळेत काढून तुला वाचता येत नाही, हे मला कळलं होतं रे. मी झाकत होते. तू सगळ्यांना कशाला सांगितलंस?”