कारणाचा रकाना

शहापूरला ब्रोकरच्या ऑफिसात मी शेअर घ्यायला जायचे, तेव्हा एक वही ठेवली होती. घेण्याआधी कारण लिहायचं आणि विकल्यावर ते खरं ठरलं का, तेही लिहायचं. एकदा सिमेंटच्या शेअरमध्ये चांगला फायदा झाला. मग ठरवलं, रेल्वेतून रिटायर झालेल्या आमच्या ह्यांचा सगळा फंड त्यातच घालायचा. त्या दिवशी हे पण सोबत आले होते.

ऑर्डर सांगण्याआधी वही उघडली. मागच्या, सिमेंटच्या खरेदीपुढे माझ्याच अक्षरात होतं, ‘ऑफिसातल्या बाकावरच्या सगळ्या बायका घेतात म्हणून.’ तोट्यानं मी इतकी कधी घाबरले नव्हते.

“काय गो, भूत पायलंस काय? फायदा झाला ना?” ह्यांनी विचारलं.

“झाला, पन कशानं झाला ते मला ठाव नाय.”

काउंटरवरचे भाऊ म्हणाले, “मावशी, बाजार बंद व्हायला दहा मिनिटं राहिली. किती घेऊ?”

मी पेन धरून बसले. ‘मागच्या वेळी फायदा झाला’, एवढंच सुचत होतं, आणि ते काय कारण नव्हे. रकाना कोराच ठेवून वही मिटली.

“आज नको, भाऊ.”

वही पिशवीत घालून घरी निघालो. उद्या भाव वर गेला तर ह्यांना काय सांगू, ही भीती वेगळीच.