आगरच्या ओट्यांचं इंग्रजी

एका पक्षाचं ठाम आश्वासन मी इंग्रजीत मऊ केलं, दुसऱ्याचं मोघम आश्वासन ठाम केलं, आणि शेवटी 'अनुवाद तटस्थपणे केला आहे' असं लिहून खाली सही ठोकली.

निवडणुकीआधी सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बसवून त्यांच्याच जाहीरनाम्यांवर प्रश्न विचारायचे, असा एका संस्थेचा बेत होता. प्रश्न निवडणारी मंडळी बाहेरची, मराठी न येणारी. म्हणून डहाणू-तलासरीतली पत्रकं इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचा नियम सरळ होता. ज्या आश्वासनात काम आणि मुदत दोन्ही स्पष्ट असतील, तेवढंच विचारायचं.

हे आगर गावच्या मावशींना माझ्याआधी कळलं होतं. त्या मसोलीत आमच्या दारी सुके बोंबील घेऊन यायच्या. त्या दिवशी टोपलीतून घडी घातलेलं पत्रक निघालं.

"भाऊ, हे बघ. आमच्या ओट्यांचं छापलंय. तोंडानं तर तो उमेदवार किती वेळा बोलला, आता कागदावर आलाय. सगळ्यांसमोर त्याला विचारलं पाहिजे. नीट लिही हां."

"मावशी, माझं इंग्रजी म्हणजे पोलाद!"

"मला पोलाद नको. सिमेंट पाहिजे."

पत्रकात होतं: 'निवडून आल्यापासून एका वर्षात आगरला मासळी वाळवण्याचे ओटे बांधून देऊ.' मी वाचलं आणि हसलो. हा पक्ष आणि ओटे! माझ्या इंग्रजीत पक्षाची फक्त ओटे बांधण्याची इच्छा उरली, आणि वर्ष कुठे सांडलं ते मलाही कळलं नाही. न पटलेलं आश्वासन जसंच्या तसं लिहिणं म्हणजे आपण फसलो असं वाटतं ना, त्यातलाच हा प्रकार.

काम पाठवलं आणि अस्वस्थ झालो. चहा केला, प्यायलो नाही. बाजारात गेलो आणि पिशवी न घेताच गेलो. दुसऱ्या दिवशी तलासरीहून एका ग्रंथपाल बाईंचा फोन आला. संस्थेनं त्यांना दिलेलं काम माझ्या उलटं होतं. पक्षांची नावं काढलेलं माझं इंग्रजी वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, आणि तो मूळ पत्रकाशी जुळतो का ते बघायचं.

"ओट्यांचं मला असं कळलं, की पक्षाला ते व्हावेत असं वाटतं. मूळ पत्रकात काय आहे?"

मी वाचून दाखवलं.

"मग तुम्ही वर्ष कुठे ठेवलंत?"

"खिशात," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

प्रश्नांची यादी त्याच दिवशी संध्याकाळी पक्की होणार होती आणि आगरचा प्रश्न तिच्यातून आधीच गळला होता. मी सगळी पत्रकं जमिनीवर पसरली आणि एक तक्ता केला: 'बांधून देऊ'ला एकच इंग्रजी, 'प्रयत्न करू'ला एकच, 'पाठपुरावा करू'ला एकच, मग पक्ष कोणताही असो. हे काम पहिल्या दिवशीच करायचं असतं. मी ते शेवटच्या दिवशी, घामाघूम होऊन केलं.

आणि त्यातच दुसरा घोटाळा सापडला. मी ज्यांना मत देतो त्यांनी लिहिलं होतं, तलासरीच्या पाड्यांवर दोन वर्षांत नळाचं पाणी यावं म्हणून पाठपुरावा करू. माझ्या इंग्रजीत त्यांनी दोन वर्षांत पाणी आणूनच टाकलं होतं! ग्रंथपाल बाई अजून तिथवर पोचल्या नव्हत्या. गप्प बसलो असतो तर आपल्या माणसांना मंचावर एक भारदस्त प्रश्न मिळाला असता. मी उठलो, बसलो, खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग संस्थेच्या समन्वयकांना फोन लावला आणि दोन्ही चुका सांगितल्या.

"सर, एक सांगू? तुम्ही मत कुणाला देता, हे या दोन चुकांवरूनच कळतंय की हो."

मी दुरुस्त्या पाठवल्या: मूळ ओळ, माझी चुकीची ओळ, सुधारलेली ओळ. 'तटस्थपणे' हा शब्द मीच काढून टाकला. ओटे यादीत आले, पाणी बाहेर गेलं.

सभेत उमेदवाराला ओट्यांबद्दल विचारलं. तो घुटमळला, पत्रक त्याच्यापुढे धरल्यावर म्हणाला, "हो, एका वर्षात." पुढच्या रांगेतल्या मावशींनी मान डोलावली.

बाहेर मी त्यांना माझा पराक्रम सांगितला. वाटलं, कबुली दिली म्हणून कौतुक होईल. त्यांनी पदर खोचला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे त्यानं लिहिलेलं तू खोडलंस, आणि तुझ्या लाडक्यानं न लिहिलेलं तू लिहिलंस. मग भाऊ, तूच का नाही उभा राहत निवडणुकीला?"