नऊ तारखेचा खोका

लोणी देवकरच्या आमच्या शीतगृहात एवढी थंडी असते, की आत दिलेली शिवी बाहेर ऐकू येत नाही. ती तोंडातून निघते, गोठते आणि पायावर पडते. माझ्या डाव्या पायाचा अंगठा अशाच एका शिवीनं काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात मधुमेह. त्यांना काय कळतंय.

मी तिथं माल उतरवून घेतो. गोठवलेली मासळी ट्रकनं येते, तिची कागदं आणि खोक्यांवरची लेबलं जुळवून पाहणं हे माझं काम. मग आतल्या टेबलांवर बायका ती मासळी लहान पिशव्यांत भरतात आणि बारामती, इंदापूर, भिगवणच्या हॉटेलांत ती जाते. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही ओहोटी असताना. पण लेबलं वाचून वाचून सगळ्या समुद्रांशी माझी घरोब्याची ओळख झाली. चहाच्या वेळी मी सांगायचो, की अमुक पाण्यात लाटा तिरक्या येतात आणि तमुक पाण्यात मासे भोंगा वाजला की आपोआप जाळ्यात चढतात. उजनीत मरळीनं माणसासकट सायकल गिळली आणि रात्रभर पाण्यातून घंटी वाजत होती, हेही माझंच. तालुक्यात अजून कुणीतरी ते खरं धरून चालतं.

एक गोष्ट मात्र मी टेबलावरच्या बायकांना नीट शिकवली होती. लेबलावर दोन खुणा बघायच्या. एक आकडा आणि एक अंडं. जगातल्या पाण्याचे भाग पाडून त्यांना आकडे दिलेत. आपल्या कोकणाकडचा समुद्र एक्कावन्न, पलीकडचा बंगालचा सत्तावन्न. तो आकडा म्हणजे मासा कुठल्या पाण्यात धरला. अंडं म्हणजे लांबट गोल शिक्का, त्यात देशाची दोन अक्षरं आणि एक नंबर. तो सांगतो मासा कुठल्या छपराखाली भरला. लोक अंड्यातला देश वाचतात आणि मासा तिथलाच म्हणून मोकळे होतात. धरला एकीकडं, भरला तिसरीकडं असं कायम असतं. तळ्यात पाळलेल्या माशाला समुद्राचा आकडाच नसतो, नुसता देश. आणि मासा कुठल्या धक्क्यावर उतरवला, हे बहुतेक खोक्यांवर लिहिलेलंच नसतं. ते या दोन खुणांवरून ताडायचं. "आकडा म्हणजे पाणी, अंडं म्हणजे छप्पर," हे मी बायकांकडून पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं.

सगळ्यात लवकर शिकली ती निरवांगीची एक बाई. तिचा नवरा आमच्याच कंप्रेसरच्या खोलीत मेकॅनिक होता. बारामतीला आयटीआय केलेला, हुशार, कमी बोलणारा. घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी याच्या सर्टिफिकेटाची चौकट. आमच्याकडं दरवर्षी माकूळ, म्हणजे हॉटेलवाल्यांचं स्क्विड, येतं, दहा किलोच्या गोठलेल्या लाद्या. आकडा एक्केचाळीस, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेचं पाणी. अंड्यात जो नंबर असतो तो कारखान्याचा नसतो, जहाजाचा असतो. देशाची अक्षरं मी इथं लिहीत नाही. त्या देशाशी माझं भांडण नाही. माकूळ धरायचं, लगेच तिथंच गोठवायचं, भरायचं, मग भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर चढवायचं. धरणारं जहाज महिनोन्‌महिने किनारा बघत नाही.

हे मीच त्या मेकॅनिकला सांगितलं. रंगवून सांगितलं. म्हटलं, तिथं कंप्रेसर एवढे मोठे असतात की मेकॅनिक आत खाट टाकून झोपतो. तो ऐकत राहिला. वर्षभरानं मुंबईच्या एका एजंटानं त्याला त्याच कंपनीच्या ताफ्यात जहाजावर लावून दिलं. जाताना मला पेढा देऊन म्हणाला, "तात्या, खाट हाय का न्हाय बघून कळवतो."

खाट नव्हती. पण त्यानं फोटो पाठवला, हातात खोका धरून उभा. अंड्यातला नंबर दिसेल असा धरलेला, शेवटी सदतीस. बायकोनं तो फोटो आम्हा सगळ्यांना दाखवला. पुढं माकूळ आलं की ती सदतीस शोधायची. सापडला की मी तिला गोष्ट सांगायचो, की या पाण्यात आता पेंग्विन जहाजाच्या शिडीवर येऊन बसत असतील. ती म्हणायची, "सांगा, सांगा. तुमच्या बाचं काय जातंय."

मग त्याचे निरोप थांबले. शेवटचा निरोप एका चार तारखेचा होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी एजंटाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की त्या महिन्याच्या अकरा ते पंधरा तारखेला जहाज दुरुस्तीसाठी बंदरात होतं. तेरा तारखेला तुमचे पती किनाऱ्यावर उतरले आणि परत आले नाहीत. ते स्वतःच्या मर्जीनं पळाले आहेत, कंपनीची जबाबदारी संपली.

गावानं त्याला तिकडं दुसरी बाई करून दिली, तिला दोन पोरंही दिली. माझ्याइतक्या थापा मारणारी माणसं निरवांगीत एवढी असतील असं मला वाटलं नव्हतं. तिची सासू मात्र पत्राला धरून बसली. कुणी काही बोललं की म्हणायची, "कुठं का असंना, जेवत असंल." पळाला हा अपमान होता, पण पळालेला माणूस जिवंत असतो. त्या पाच महिन्यांत मीही तिला सांगत होतो, की तिकडच्या बंदरांत आपल्या मेकॅनिकांना फार मागणी असते.

पाच महिन्यांनी माकूळ आलं. मी शीतगृहाच्या धक्क्यावर कागद चाळत होतो आणि ती टेबल सोडून माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. पहिल्याच खोक्यावर सदतीस. खाली गोठवल्याची तारीख. तोच महिना, तेरा.

मी तारखेवर अंगठा ठेवला.

तिनं माझा अंगठा उचलला. तारीख वाचली. मग दुसरा खोका, तिसरा. अकरा. बारा. चौदा. पंधरा. सगळ्यांवर आकडा एक्केचाळीस, सगळ्यांच्या अंड्यात सदतीस.

मी बोललो. तोंडाला सवयच ती. म्हटलं, ही तारीख जमिनीवरची असंल, माल उतरवल्यावर घातलेली. बंदरात उभं राहून भरला असंल.

"तात्या," ती म्हणाली, "अंडं म्हणजे छप्पर. अंड्यात जहाज हाय."

मी म्हटलं, एक्केचाळीसमध्ये बंदरंही येतात.

"बंदरात उभं राहून पाची दिवस ताजं माकूळ धरलं व्हय? दुरुस्ती चालली असताना?" आवाज चढवला नाही तिनं. "तुमीच शिकिवलंय. आता खरं सांगा. जहाज किनाऱ्याला लागलं हुतं का न्हाय?"

माझ्याकडं त्या क्षणाला बारा तरी गोष्टी तयार होत्या. एकही बाहेर निघाली नाही. मी म्हटलं, "न्हाय लागलं."

जहाज लागलंच नाही, तर माणूस उतरला कुठं? हा प्रश्न आम्ही दोघांनीही तोंडानं विचारला नाही.

तिनं हातमोजे चढवले आणि ती आत गेली. पाचशेवर खोके होते. त्या थंडीत अर्ध्या तासाच्या वर कुणाला राहू देत नाहीत. ती अर्धा तास आत, पाव तास बाहेर, असं संध्याकाळपर्यंत करत राहिली. मी खोके फिरवून देत होतो, ती फोटो काढत होती आणि एका पुठ्ठ्यावर तारखा लिहीत होती. सुपरवायझर विचारायला आला आणि न विचारताच गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. मी पुढं झालो, साहेबांना आकडे आणि अंडी समजावू लागलो. साहेब इंदापूरचेच. माझं अर्धं झालं नव्हतं, तोवर ते शेजारच्या हवालदाराला म्हणाले, "सायकलची घंटी वाजवणारे तात्या ते हेच." हवालदार हसला. साहेबही हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. आयुष्यात एकदाच खरं सांगायला गेलो होतो, आणि माझ्या तोंडात ते थापेसारखंच वाजत होतं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तात्या, तुमी बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. आत तिनं फोन, पत्र आणि पुठ्ठा टेबलावर मांडला आणि एकेक फोटो दाखवत गेली. तासाभरानं हसणं थांबलेलं होतं. अर्ज घेतला गेला. तिथून तो मुंबईला जहाजाच्या लोकांची कामं बघणाऱ्या कचेरीत गेला, आणि दोन महिन्यांनी एजंटाचं नवं पत्र आलं. आता पळाला नव्हता. आता 'कामावर असताना समुद्रात बेपत्ता, मृत्यू झाल्याचे समजण्यात येते.' आधीचं पत्र 'गैरसमजातून' गेलं होतं. केव्हा, कसा, काही नाही. तारखेची जागा कोरी.

सासूनं ते पत्र हातात घेतलं नाही. सुनेला एवढंच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं खोकी वाचायला?"

गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करायचं तर भंतेजींनी मृत्यूची तारीख विचारली. ती माझ्याकडं पुठ्ठा घेऊन आली. एक ते तीस, प्रत्येक तारखेसमोर खोक्यांची संख्या. कुठं वीस, कुठं बारा. एका तारखेसमोर काहीच नाही. नऊ.

"ह्या दिशी त्यांनी मासा धरला न्हाय," ती म्हणाली. "ह्यांना हुडकत असत्याल."

मी तिला नीट सांगितलं, थाप न मिसळता. हा एकाच ट्रकचा माल आहे. नऊ तारखेचे खोके दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेले असतील. हवा वाईट असेल. यंत्र बंद असेल.

"यंत्र बंद असतं तर ह्यांनी चालू केलं असतं," ती म्हणाली.

नऊ तारीख धरली. निरवांगीत समाजमंदिरात सगळे जमले. मी मागं बसलो. कुणीतरी मला चार शब्द बोलायला सांगितलं, मी नाही म्हणालो. तिथं माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, म्हणूनच.

माकूळ अजून येतं. त्या महिन्याचा उरलेला माल कुठल्या ना कुठल्या गोदामातून तुकड्यातुकड्यानं निघतोय, कधी दहा खोके, कधी तीस. नऊ तारीख अजून दिसलेली नाही. दिसली, तर तो खोका लेबल भिंतीकडं करून लावायचा आणि पहिल्या गाडीनं बारामतीला पाठवायचा, हे मी ठरवून ठेवलंय. एवढी एक थाप मला साधेल असं वाटतं.

अडचण एवढीच, की ट्रक धक्क्याला लागतो तेव्हा ती माझ्या आधी तिथं येऊन उभी असते.