कार्डावर गेलेलं भांडण

आमच्या घरात आठ महिने एक आवाज राहायला होता. एक्केचाळीस सेकंदांचा. बायकोच्या फोनमध्ये, तिच्या थोरल्या बहिणीचा.

बायको बालवाडीत शिकवते. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत तिला सगळे बाई म्हणतात आणि मला बाईंचे मिस्टर. मी एकलहऱ्याला वीजकेंद्रात शिफ्टमध्ये काम करतो, हे कोणाच्या लक्षातही नसतं. तर घरी कोणीही आलं, चहा पुढ्यात गेला, की बाई फोन काढायच्या. "ऐका, सख्खी बहीण काय बोलते ते." मग तो आवाज सुरू व्हायचा. माझी सासुरवाडी सटाण्याकडची, तिकडे अहिराणी बोलतात. मी सिन्नरचा. ती भाषा ऐकून ऐकून शिकलो, त्यामुळे लिहिताना चुकलो तर तिकडच्या लोकांनी हसून घ्यावं. मेव्हणी म्हणत होती, "आईना दुखणामा तू सात दिन राहिनी. मोजीसन सात. पहिला दिन उनी म्हनीसन गया. शेवटला दिन जावानं शे म्हनीसन गया. मधला पाच दिन फोन देखत बसनी." म्हणजे, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात माझी बायको मोजून सात दिवस राहिली; पहिला आले म्हणण्यात गेला, शेवटचा जायचंय म्हणण्यात, आणि मधले पाच ती फोन बघत बसली.

ऐकणारा म्हणायचा, "छे, छे, असं कसं बोलवतं!" बायकोचा चेहरा थोडा खुलायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा ऐकणारा. शेजारचे झाले, शाळेतल्या बाया झाल्या, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूसही झाला. तो बिचारा पान्हा हातात धरून म्हणाला, "वहिनी, बहीण आहे, सोडून द्या." त्याला बायकोने चहा दिला नाही.

मला या आवाजाचा मनापासून कंटाळा आला होता. पण मी त्याच्या जिवावर उठलो असं कोणी म्हणू नये. मी फक्त जागा करायला गेलो होतो.

झालं असं की शाळेने हजेरीचं नवीन ॲप टाकायला सांगितलं आणि बायकोच्या फोनने जागा नाही म्हणून हात वर केले. फोन स्वस्तातला, बत्तीस जीबीचा, आणि त्यातलं निम्मं फोनने स्वतःसाठीच राखून ठेवलेलं. मी चौसष्ट जीबीचं मेमरी कार्ड आणलं, सिमच्या शेजारच्या खाचेत बसवलं आणि कॉलनीतला सर्वांत मोठा तंत्रज्ञ असल्याच्या थाटात चष्मा पुसून बसलो.

मला वाटलं होतं, ॲपं उचलायची आणि कार्डावर टाकायची. कपाट भरलं की बॅगा माळ्यावर टाकतो तसं. पण ॲपं माळ्यावर जायला तयार नसतात. सेटिंग्जमध्ये एकेकाची माहिती उघडून पाहिली. बँकेचं ॲप हलेना. फोनबरोबर आलेली, आम्ही कधीही न उघडलेली दहा-बारा ॲपं हलेनात, आणि ती काढूनही टाकता येईनात. निरोपांचं ते हिरवं ॲप, जे सगळ्यांच्याच फोनमध्ये असतं, तेही हलेना. कार्डावर हलवायचं बटण फक्त एका पत्त्यांच्या खेळाला होतं. तो हलवला. जागा झाली नावापुरती, कारण खेळाचा बराचसा भाग जागेवरच बसून राहिला.

"झालं का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतंय," मी म्हणालो. या शब्दावर मी पंचवीस वर्षं नोकरी केली आहे.

मग फाइलींचं ॲप उघडलं. फोटो, व्हिडिओ, गाणी, शाळेची परिपत्रकं ही मंडळी सोशिक निघाली. म्हटलं की निघाली कार्डावर. कॅमेऱ्यालाही सांगून ठेवलं, की यापुढचे फोटो थेट कार्डावर. भराभर जागा होत गेली आणि माझा हात सैल सुटला. हिरव्या ॲपचा फोल्डर सापडला. त्यात सुप्रभाताचे व्हिडिओ ढिगाने होते, ते हलवले. आणि त्याच्या शेजारी बोललेल्या निरोपांचा फोल्डर होता. खरं तर त्याने फारशी जागा खाल्लीच नव्हती. त्याला हात लावायचं काहीच कारण नव्हतं. पण आता एवढं आवरलंय तर हेही आवरू, असं म्हणून मी तोही उचलला. नक्कल करायचीही सोय होती, पण मी 'हलवा'वरच बोट ठेवलं. हजेरीचं ॲप बसलं. बायकोने मला जास्तीचा एक लाडू दिला.

शनिवारी तिला सुट्टी होती. दुपारी ती बाजारात गेली, फोन घरीच चार्जिंगला होता, आणि मी माझं काम तपासावं म्हणून हिरवं ॲप उघडलं. मेव्हणीचं नाव, त्याखाली तो आवाज, त्याची तीच तारीख, सगळं जागच्या जागी. पण दाबलं तर वाजेना. गोल गोल फिरलं आणि फोनने मराठीत सांगितलं, की ही फाइल मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

दुसऱ्या दिवशी मोठे मेव्हणे येणार होते. म्हणजे दादा, या दोघी बहिणींचा थोरला भाऊ. मेव्हणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मावशीने हळदीला यायचं की नाही, याचा निकाल लावायला ते सटाण्याहून निघणार होते. बायकोने त्यांना फोनवरच सांगितलं होतं, "आधी तुम्ही ते ऐका, मग मला या म्हणा." सगळा खटला त्या एक्केचाळीस सेकंदांवर उभा होता आणि पुरावा मी माळ्यावर टाकला होता.

कार्ड उघडलं. आवाज तिथे होते, एकही हरवलेला नव्हता. पण कोणाचा आवाज कोणता, हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं. फाइलीचं नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं, तारीख आणि एक आकडा. कोण बोललं, कोणाला बोललं, ते सगळं ॲपच्या वहीत. ॲपला आवाज सापडेना आणि आवाजाला नाव सापडेना. मी तारीख लावून त्या दिवसाच्या फाइली ऐकायला बसलो. पहिली, दूध उद्या येणार नाही. दुसरी, शाळेच्या मुख्याध्यापिका सहलीबद्दल. तिसरी, माझ्या बायकोचा स्वतःचा आवाज. आपण पाठवलेलेही त्याच फोल्डरमध्ये असतात, हे मला तेव्हा कळलं.

ती बहिणीला म्हणत होती, "ताई, आईची सगळी लुगडी तुझ्याच कपाटात गेली. मला एकही नाही. जवळ राहण्याचा फायदा असतो बाई."

आणि त्यापुढची फाइल, एक्केचाळीस सेकंदांची.

म्हणजे पहिला दगड आमच्याकडून गेला होता. शेगडीवाल्यालाही ऐकवलेल्या खटल्याची ही बाजू मला, नवरा असून, आठ महिन्यांत कळली नव्हती.

आता खरं सांगतो. उपाय दोन मिनिटांचा होता. ती फाइल उचलायची, नाव न बदलता मूळ फोल्डरमध्ये परत ठेवायची, की ॲपला सापडणार आणि आवाज वाजणार. माझं बोट 'हलवा'वर गेलंही होतं. मग मी बोट काढून घेतलं. लाडू खाऊन झाला होता आणि माझ्यात थोडा चावटपणा अजून शिल्लक होता. फोन परत चार्जिंगला लावला आणि कपडे वाळत घालायला गेलो. मी कपडे वाळत घालतोय हे पाहून तिला संशय यायला हवा होता, पण आला नाही.

रविवारी दादा आले. पोहे झाले, चहा आला. बायको त्यांच्यासमोर पाठीला फळी बांधल्यासारखी ताठ बसली आणि तिने दाबलं. गोल फिरलं. परत दाबलं. दादांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, "पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय केलंत?"

"ॲपला सापडत नाहीये," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"दाजींना काय इचारतेस? हे मशीनच सांगतंय ना," दादा म्हणाले. "सांग तिला पाठवायला." आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून मेव्हणीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टीपॉयवर ठेवला.

मेव्हणीने उचलला. दादांनी बायकोला खुणावलं. आठ महिन्यांनी बायको बहिणीशी पहिलं वाक्य बोलली ते असं, "तू मला ते पाठवलं होतंस ना, ते माझ्या फोनात वाजत नाहीये. परत पाठव."

पलीकडून मेव्हणी म्हणाली, "कोनतं वं?"

"तेच. सात दिवसांचं."

"ते मी तव्हळच पुसी टाकं," मेव्हणी म्हणाली. "मन्हापाशी नही."

"मग परत बोल. दादांना ऐकायचंय."

मला हसू आवरेना म्हणून मी रिकामी बशी तोंडाशी धरली. मेव्हणी गडबडली. "काय बोलनू व्हतू मी? सात दिन राहिनी..." आणि अडली. माझ्या बायकोला आठ महिन्यांच्या सरावाने अक्षर न् अक्षर पाठ होतं. ती बालवाडीतल्या मुलाला कविता सांगावी तशी सांगू लागली, "मोजीसन सात."

"हां. मोजीसन सात," मेव्हणी म्हणाली.

"पहिला दिन उनी म्हनीसन गया."

"पहिला दिन... हां, गया." मेव्हणीला हसू फुटलं. दादा पोट धरून हसत होते. बायकोही हसत होती, पण थांबत नव्हती.

"शेवटला दिन जावानं शे म्हनीसन गया. मधला पाच दिन..." आणि इथे ती थांबली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बाई लोकांना बहिणीचा अपराध ऐकवत नव्हती. असं नव्हतं, हे तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि शेजाऱ्यांच्या 'छे, छे'ने तिचं भागत नव्हतं. मी बशी खाली ठेवली. मला माझी लाज वाटली.

"मधला पाच दिन काय?" मेव्हणीने विचारलं.

"फोन देखत बसनी," बायको अगदी हळू म्हणाली.

"असं बोलनू मी?" मेव्हणीचं हसणं थांबलं. "नही वं. मधला पाच दिन आईले तूच सांभाळं. त्या पाच दिनमा मी सहा महिनामा पहिल्यांदा पोटभर झोपनू."

दादा खिडकीबाहेर पाहू लागले.

"हे परत बोल," बायको म्हणाली.

मेव्हणीने परत सांगितलं. बायकोने टीपॉयवरचा फोन उचलला, स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आतल्या खोलीत गेली.