पाठमोऱ्या टाळ्या

पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर प्रमिलाबाईंची अंगणवाडी म्हणजे दिवसभर टाळ्यांचा कडकडाट. "नागली, नागली, लागते चांगली" असं यमक जुळवायचं, मग शब्द तोडून टाळ्या द्यायच्या: पा-णी, दोन टाळ्या, ब-टा-टा, तीन. शेवटी पहिला आवाज ओळखायचा. अक्षरं पुढे शाळेत येतील, आधी कान तयार झाला पाहिजे, हे बाईंचं ठाम मत. बाई तशा तापट. चुकारपणा त्यांना खपत नसे.

माघ्या शेजारी बसलेल्या मुलीचे हात बघून टाळ्या देतो, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. त्याला पकडायला त्यांनी सगळ्या मुलांना भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायला लावले आणि मागून शब्द सांगितला. माघ्याने बरोबर टाळ्या दिल्या. हात मांडीवर तसेच राहिले ते रोशनीचे. कालपर्यंत ती सगळ्यांत हुशार होती. पोर ऐकत नव्हती, ओठ वाचत होती.

मंगळवारी मुलांना तपासायला डॉक्टर येणार होते. रोशनीचं घर मात्र उद्या सकाळीच वीटभट्टीवर निघणार होतं. भट्टीवर गेलेलं पोर पावसाळ्याआधी परत येत नाही. बाई संध्याकाळी तडक त्यांच्या अंगणात गेल्या.

तिची आई सुनिता म्हणाली, कान वाहतो अधूनमधून, मी गरम तेल घालते. बाईंचा संताप झाला. वाहत्या कानात तेल घालू नको, असं त्यांनी तिला बजावलं. बाप हेमराज गाठोडं बांधत होता.

"ओरडलं का ऐकते ती. हट्टी हाय पोर," तो म्हणाला.

"ओरडू नका. मागं उभे राहा, नेहमीच्या आवाजात बटाटा म्हणा."

त्याने म्हटलं. रोशनी मातीत रेघा ओढत राहिली. मग बाईंनी त्याला तिच्यासमोर बसवलं. त्याच आवाजात तो पुन्हा म्हणाला. रोशनीने हसून तीन टाळ्या दिल्या.

हेमराज उठून गाठोड्यापाशी गेला. गाठोड्याची गाठ त्याच्या हातातच राहिली.

"ऐकत नाय म्हणून मी हिला मारलंय, बाई."

बाईंना रडू येत होतं आणि रागही. तो राग कोणावर काढावा, हेच कळत नव्हतं. भट्टीचा मुकादम माणसं कमी आली तर ऐकून घेणार नव्हता, तेही त्यांना ठाऊक होतं. मंगळवारी डॉक्टर येणार आहेत, एवढंच सांगून त्या घरी परतल्या. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी ट्रक पाड्याखाली उभा राहिला. मुकादम तावातावाने ओरडत होता. हेमराज एकटाच गाठोडं घेऊन पाड्यावरून खाली उतरला. सुनिता आणि रोशनी बांधावर थांबल्या होत्या. ट्रकचा हॉर्न वाजला तरी तो मागे फिरला, रोशनीसमोर उकिडवा बसला आणि हळू म्हणाला, "जातो."

रोशनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन टाळ्या दिल्या.